वाक्यातलं 'नाही' काचेच्या खाली राहिलं

एमडी सरांचं सगळ्या स्टाफसाठी भाषण रेकॉर्ड करायचं होतं, स्क्रिप्ट आधीच मंजूर होऊन आलेली आणि माझ्याकडे ती फक्त टेलिप्रॉम्प्टरवर, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर मजकूर सरकवत दाखवणाऱ्या यंत्रावर, चढवायला दिली होती. कागदावर छान वाटत होती. रिहर्सलला मधेच हे वाक्य आलं, "दोन वर्षांपूर्वी नवीन प्लांट उभारण्याचा जो निर्णय आपण सर्वांशी चर्चा करून घेतला होता तो आपण मागे घेतलेला नाही."

प्रॉम्प्टरवर अक्षर मोठं, एका ओळीत तीन-चार शब्द, एका वेळी दिसणार चार-पाच ओळी. सर "मागे घेतलेला" पर्यंत आले तेव्हा "नाही" अजून खालीच होतं, त्यामुळे वाईट बातमी सांगावी तसा त्यांचा आवाज उतरत गेला आणि मग "नाही" दिसल्यावर ते घाईघाईत जोडलं. अर्धवट लक्ष असलेल्याने प्लांट बंद असंच ऐकलं असतं.

सर म्हणाले, "अरे, वाक्य कुठे चाललंय तेच कळत नाही." बरोबरच होतं त्यांचं. आपलं क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही मागे, कागदावर नजर पुढे पळून ते आधीच टिपते पण काचेवर पुढचं काही दिसतच नाही, मग जोर कुठे द्यायचा हे बोलणाऱ्याने ठरवायचं कसं?

मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, सर, स्क्रिप्ट राहू द्या, हे मला नुसतं सांगा. ते पटकन बोलले ते जवळजवळ तसंच टाकलं:

प्लांट होणार.

उशीर झालाय,
मान्य आहे.
पण निर्णय तोच आहे.

मुद्दा पहिल्या ओळीतच, ओळ तुटते तिथेच श्वास. थांबायचं तिथे रिकामी ओळ सोडली, कंसात "थांबा" लिहिलं की बोलण्याच्या भरात कुणीतरी तेही वाचून टाकतं. १८.७ टक्के होतं तिथे "जवळजवळ एकोणीस टक्के" असं अक्षरात केलं, आणि "एकोणीस" वर आणि "टक्के" खाली अशी फाटाफूट होऊ दिली नाही. "त्या अनुषंगाने" वगैरे तर सगळंच काढलं, रेकॉर्डिंगमध्ये सर ते एकदाही म्हणाले नव्हते.

ऑपरेटरलाही सांगितलं, सर थांबले की तूही थांब, स्पीड लावून सोडू नकोस. नाहीतर माणूस मजकुराच्या मागे धावतो आणि सगळं एका सुरात येतं.

पुन्हा वाचलं तेव्हा मी मॉनिटरवर फक्त सरांचे डोळे बघत होते. आधी लांब ओळींवर बुबुळं डावीकडून उजवीकडे सरकताना स्पष्ट दिसायची, आता ती जागेवर होती आणि "मान्य आहे" ला त्यांनी आपणहून मान हलवली, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

एक परिच्छेद मात्र लीगलचा होता, त्यातला शब्दही हलवायची परवानगी नव्हती. तो मी प्रॉम्प्टरवरून काढूनच टाकला. सरांना म्हटलं, हा हातात कागद धरून वाचा, वाचताय हे दिसू द्या. त्यांनी तसंच केलं.