बंद दप्तर

पुरानंतरच्या छावणीतले चाळीस फोटो त्या संध्याकाळी माझ्यासमोर होते. त्यातले दोन उरले. एकात आठ-नऊ वर्षांची मुलगी दप्तर पोटाशी आवळून बसलेली. दुसऱ्यात तेच दप्तर उघडं, आणि खाटेवर वाळत घातलेले ओले कागद.

माझी पहिली फोटोओळ होती, ‘छावणीत दप्तर पोटाशी धरून बसलेली मुलगी.’ लिहिली आणि लगेच खोडली. फोटोत दिसतं तेच वाचकाला पुन्हा सांगण्यात दोन ओळींची जागा फुकट जाते. ‘भेदरलेली’ असं एक विशेषण सहकाऱ्याने सुचवलं. तेही नको, चेहऱ्यावरून मनातलं ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. छायाचित्रकाराच्या टिपणात एवढंच होतं: ‘दप्तरात घराचे कागद.’ मी त्याला फोन केला. कागद कोणी भरले? मुलीने की आईने? तू स्वतः पाहिलेस की कोणी सांगितलं? जे फोटोत दिसत नाही ते वाचकाला पडताळता येत नाही, म्हणून ते आपणच दोनदा विचारायचं असतं. त्याने आईलाच पुन्हा विचारून सांगितलं आणि ओळ ठरली: ‘वह्या घरातच राहिल्या. निघताना आईने दप्तर रिकामं करून त्यात घराची कागदपत्रं आणि आजीच्या औषधांच्या चिठ्ठ्या भरल्या.’

या ओळीसोबत मी बंद दप्तराचा फोटो लावला. वृत्तसंपादकांना उघडं दप्तर हवं होतं, ‘पुरावा दिसतो’ म्हणून. पण तिथे कागद समोरच पसरलेले. ओळीला सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. बंद दप्तराकडे वाचक आधी शाळेचं म्हणून पाहतो, ओळ वाचतो आणि पुन्हा दप्तराकडे वळतो. मला ती दुसरी नजर हवी होती. फोटो कापताना चेहरा मोठा करायचा मोह टाळला आणि दप्तराची चेन व तिच्यावरची मुलीची बोटं चौकटीत ठेवली.

छापील पानावर ते जमलं, असं मला आजही वाटतं. पण सकाळपर्यंत कोणीतरी नुसता फोटो कापून पुढे पाठवला होता. ओळ फाइलच्या माहितीत भरलेली होती, पण स्क्रीनवरून कापलेल्या फोटोबरोबर ती जात नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘घर गेलं, पण पोरीने पुस्तकं वाचवली.’ कौतुकाचा पूर लोटला होता आणि त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. वह्या तर गेल्या होत्या.

वृत्तसंपादक काही बोलले नाहीत. त्यांचा फोटो ओळीशिवायही खरं बोलला असता, हे मला मान्य आहे. फक्त त्यात मुलगी नाही. दोन्ही फोटो अजून शेजारी उघडून ठेवते, आणि त्या चेनवरच्या बोटांपाशी येऊन थांबते.