एक तारा

दुपारी वह्या तपासत असताना फोनवर माझ्या गणिताच्या शिकवणीबद्दल तो अभिप्राय आला. एक तारा, नाव नाही. 'फक्त पुढे बसणाऱ्यांना शीकवतात. डाउट विचारला की म्हणतात, हे मागच्या वर्षीचं आहे.' लाल पेन हातातच होतं. आधी खुपला तो 'शी'.

शाळेत असताना मीही फळ्यावर लिहिलं होतं, 'बाई फार भरभर शीकवतात'. इकार तिथेही चुकलेलाच. बाई आल्या, वाचलं, 'शी'चा 'शि' केला आणि बाकीचं वाक्य तास संपेपर्यंत तसंच राहू दिलं. कोणी लिहिलं, हे विचारलं नाही. मी मात्र तासभर बाकाखाली बोटांवरचा खडू पुसत होते. त्या दिवशी बाई सावकाश शिकवत होत्या का, ते काही आठवत नाही.

मला बाईंसारखं कुठलं जमायला! पहिलं उत्तर तावातावानं लिहिलं: 'त्रिकोणमितीच्या 11 तासांपैकी 6 तास गैरहजर राहणाऱ्याने...' आणि थांबले. 18 जणांच्या वर्गात एवढ्या खुणेवरून कोण ते सगळ्यांना कळलं असतं. अंदाज चुकला असता, तर भलत्याच पोरावर आळ. शिवाय हे वाचणार नव्या मुलांचे आईवडील. त्यांना एवढंच दिसणार, की इथे तक्रार केली की हजेरीपट बाहेर निघतो. खोडलं. (चार आवडत्या मुलांना पाच-पाच तारे द्यायला सांगावं, हेही मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू.)

दुसऱ्या दिवशी शिकवताना कागदावर रेघा मारत गेले. विचारलेले प्रश्न 14, त्यातले 9 पहिल्या रांगेला. दुसऱ्या तक्रारीला तर मोजणीही लागली नाही. `2x + 3 = 11` मधला 3 पलीकडे गेला की वजा का होतो, असं मागून कुणीतरी विचारलं होतं आणि मी 'मागच्या वर्षीचं' म्हणून पुढे सरकले होते. पलीकडे खरं तर काही जातच नाही. दोन्ही बाजूंतून 3 वजा करायचे, डावीकडे `2x` राहतो, उजवीकडे 8. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

संध्याकाळी उत्तर टाकलं: 'मोजून पाहिलं. प्रश्न पुढच्या रांगेलाच जास्त विचारले जातात, हे खरं आहे. आता मागून सुरुवात करते. मागच्या वर्षीच्या शंकांसाठी तासाची शेवटची 10 मिनिटं ठेवली आहेत. नाव न सांगता चिठ्ठी टाकली तरी चालेल.' इकाराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्याला सगळ्यात जास्त संयम लागला.

आठवडा झाला. तारा एकच आहे. काल चिठ्ठ्यांच्या डब्यात तीन शंका निघाल्या, तिन्हींचं अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. आणि मी, नको नको म्हणत, ती वह्यांशी ताडून बघत बसले होते.