‘85 ने पडेल, होऊन जाईल’

भोसरी एमआयडीसीतल्या एका टर्निंगच्या वर्कशॉपमध्ये मी ऑफिस सांभाळते. जुनी गिऱ्हाइकं दादांना, म्हणजे आमच्या मालकांना, व्हॉट्सअ‍ॅपवरच ऑर्डर देतात आणि दादाही तिथेच उत्तर देऊन मोकळे होतात. मागच्या पावसाळ्यात चेन्नईच्या एका पंप कंपनीकडून स्टीलच्या बुशची चौकशी आली. पहिलाच व्यवहार. दादांनी मशीनजवळ उभ्या उभ्या मला मेसेज टाकला:

‘ड्रॉइंग बघितलं. होऊन जाईल. 85 ने पडेल, मटेरियल आपलं. प्लेटिंगचे वेगळे. 15-20 दिवस धरा म्हणावं. थोडा अ‍ॅडव्हान्स टाका म्हणजे मटेरियल उचलतो. बोअरचा टॉलरन्स जरा जास्तच टाइट दिलाय, बघा काय करता येतंय. 👍 हे नीट मेल कर.’

जुन्या गिऱ्हाइकाला यातला प्रत्येक शब्द कळला असता. 85 म्हणजे पाचशे नग घेतले तर नगाला 85 रुपये, थोडा अ‍ॅडव्हान्स म्हणजे चाळीस टक्के, हे त्याला सांगावं लागत नाही. चेन्नईत मात्र हा मेल परचेसवाला उघडणार आणि क्वालिटीला, अकाउंट्सला पुढे ढकलणार. ती माणसं दादांशी कधी बोललेलीही नाहीत. त्यामुळे नुसतं ‘डियर सर’ आणि ‘काइंडली’ जोडून भागणार नव्हतं. जे दादांच्या डोक्यात होतं ते आधी कागदावर यायला हवं होतं.

मी खाली शॉपमध्ये गेले. पहिलं विचारलं, ‘दादा, ड्रॉइंग कुठलं बघितलंत? त्यांनी दोन पाठवलीत, रेव्हिजन ए आणि बी.’ त्यांनी मोबाइल काढला, बी निघालं. मेलच्या विषयात मी पार्टचं नाव, ड्रॉइंग नंबर आणि रेव्हिजन बी असं तिन्ही घातलं. दिवसांचंही तसंच. पंधरा-वीस दिवस मोजायचे कुठून? दादा म्हणाले, ‘अ‍ॅडव्हान्स आल्यावर. आणि ड्रॉइंग पक्कं झाल्यावर.’ मग मेलमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स आणि ड्रॉइंगची मंजुरी, यांतलं जे नंतर मिळेल त्यापासून 20 दिवस’ असं गेलं. पंधराचा आकडा मी काढूनच टाकला. दोन आकडे दिले की गिऱ्हाईक लहानच धरतं.

खरी मेख टॉलरन्सच्या वाक्यात होती. ‘बघा काय करता येतंय’ असं नव्या कंपनीला लिहिलं तर यांना जमत नाही असाच अर्थ निघणार. मी आमच्या सुपरवायझर काकांना ड्रॉइंग दाखवलं. बोअर, म्हणजे बुशचं आतलं भोक, 20 मिलिमीटर, फिट एच6. म्हणजे 20.000 ते 20.013, सगळी मुभा तेरा मायक्रॉनची. काका म्हणाले, ‘एच7 असतं तर एकवीस मायक्रॉन मिळाले असते, रीमरने निघालं असतं. याला होनिंग लागणार.’ मग त्यांनी प्लेटिंगच्या टिपेवर बोट ठेवलं: झिंक, आठ मायक्रॉन. ‘हा थर बोअरच्या आत दोन्ही बाजूंनी बसला, की व्यास सोळा मायक्रॉननी कमी होतो. यांची मुभाच तेराची. शिवाय आत थर सगळीकडे सारखा बसत नाही. हे माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं, ते ड्रॉइंगवर कुठंच नाही.’

तक्रारीच्या सुरातल्या त्या एका ओळीत एवढा मोठा प्रश्न दडलेला होता. मेल अर्थातच इंग्रजीत गेला. त्यातला तो परिच्छेद मराठीत असा:

‘20 एच6 हे माप प्लेटिंगपूर्वीचं की नंतरचं, हे कृपया कळवावं. आमच्याकडून दोन पर्याय देत आहोत. पर्याय एक: बोअर एच7, प्लेटिंगच्या वेळी बोअरला बूच, दर 85 रुपये अधिक प्लेटिंगचे 6 रुपये. पर्याय दोन: बोअर एच6, होनिंग करून, बोअरला बूच, दर 107 रुपये अधिक प्लेटिंगचे 6 रुपये. दोन्ही दर किमान 500 नगांसाठी, जीएसटी आणि वाहतूक वेगळी, 30 दिवस लागू.’

त्याखाली चाळीस टक्के अ‍ॅडव्हान्स, उरलेली रक्कम माल निघण्यापूर्वी. ‘होऊन जाईल’ हे मी घेतलं नाही. दर आणि तारीख दिली की ते त्यात आलंच. दादांनी वाचून एवढंच विचारलं, ‘टॉलरन्स जास्त आहे असं कुठं म्हटलंयस?’ मी पर्यायांच्या दरातला बावीस रुपयांचा फरक दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि पाठव म्हणाले.

उत्तर परचेसकडून नाही, त्यांच्या डिझाइन विभागाकडून आलं. बुशमध्ये बसणारा शाफ्ट तपासून त्यांनी पर्याय एक घेतला होता आणि सोबत रेव्हिजन सी जोडलं होतं: बोअर एच7, ‘बोअरमध्ये प्लेटिंग नको’ अशी टीप. काकांनी रेव्हिजन बीची प्रिंट मशीनवरून काढून फाडली आणि सीची लावली.