उसाच्या ट्रॉलीमागे

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गावाहून कोल्हापूरला मोटरसायकलने जायला पंधरा मिनिटं जास्त लागतात. नदीकाठच्या मळ्यांतून रस्ता वर चढतो तिथं पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यावर डोंगर झाल्यासारखा ऊस आणि टेपवर छाती हादरवणारी गाणी. या सगळ्याच्या मागे मी, उसाची पाचट तोंडावर घेत.

चढ फार नाही. एकदा गवंड्याची पाण्याची नळी मागून घेऊन मोजला, तर वीस फुटांत फूटभर भरला. एवढ्याशा चढाला ट्रॅक्टर मुंगीसारखा का होतो, या चिडचिडीतून मी एका सकाळी हिशोब मांडला.

ट्रॅक्टर दोन टन आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या प्रत्येकी नऊ टनांच्या, म्हणजे सगळं मिळून वीस टन. हे वजन जवळपास 1,96,000 न्यूटन होतं. पण ते सगळं काही इंजिन उचलत नाही, बहुतेक भार रस्ताच तोलून धरतो. विसाला एक अशा चढावर विसावा हिस्सा मागे ओढतो, म्हणजे 9,800 न्यूटन. शिवाय चाकं फिरताना टायर दबतात, त्यात जोर जातो. डांबरावर तो वजनाच्या शंभरात दोन धरला तर 3,900. बेरीज 13,700 न्यूटन.

गंमत अशी, की एकाच वेगाने चढायला बरोबर तेवढाच जोर लागतो, कणभरही जास्त नाही. मला वर्षानुवर्षं वाटायचं की ओझं वर जातंय म्हणजे ओढ भारापेक्षा जास्त असणार. जास्त लागते ती फक्त वेग वाढवताना.

आता शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. पन्नास हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 37 किलोवॅट. गिअरबॉक्समधून, अॅक्सलमधून चाकापर्यंत तीसेक उरतात असं धरू. 30,000 भागिले 13,700, म्हणजे सेकंदाला 2.2 मीटर, ताशी आठ किलोमीटर. सपाटीवर फक्त 3,900 न्यूटन लागतात, तेव्हा हाच ट्रॅक्टर ताशी अठ्ठावीसने पळतो. इंजिन तेच आणि डिझेलचा पंपही तोच. जोर साडेतीनपट लागला, म्हणून वेग साडेतीनपट घटला. दोनशे मीटरचा चढ सव्वीस सेकंदांऐवजी दीड मिनिट खातो. माझी चिडचिड गणिताच्या चौकटीत बसली, कमी मात्र झाली नाही.

या हिशोबाने एक खोटी आशाही दाखवली. वेग आणखी कमी केला, लहान गिअर टाकला, तर कुठलाही भार कुठल्याही चढावर चढेल. कागदावर चढतो. एकदा चढाच्या पायथ्याशी एक ड्रायव्हर एक ट्रॉली सोडवत होता. मी विचारलं, "पहिल्या गिअरात घेऊन जा की."

"काका, इंजिन ओढंल. चाक ऐकंना. फुडचं चाक उचलतंय बघा."

घरी येऊन तेही मांडलं. दोन टनांच्या ट्रॅक्टरचा मागच्या चाकांवरचा हिस्सा सव्वा-दीड टन. कोरड्या डांबरावर पकड वजनाच्या सत्तर टक्के धरली तर जास्तीत जास्त नऊ-दहा हजार न्यूटन. ओढताना वजन मागे सरकतं आणि पुढचं चाक हलकं होतं. सगळे दोन टन मागे आले तर पकड पोचते 13,700 वर. म्हणजे लागणारा जोर मिळतो तो नेमका पुढची चाकं हवेत जाताना! स्टिअरिंग फिरवाल, ट्रॅक्टर वळणार नाही. रस्त्यावर मळी सांडलेली असेल तर त्याआधीच मागचं चाक जागच्या जागी फिरतं, इंजिनचा आवाज एकदम मोकळा होतो. तो आवाज ऐकला की मी मोटरसायकल मागे घेतो.

एका ट्रॉलीने हिशोब सुटतो. अकरा टनांना साडेसात हजार न्यूटन पुरतात, पकडीत बसतात, आणि वेग ताशी चौदावर जातो.

"गिअर मात्र हितनंच टाकायचा," तो पिन काढता काढता म्हणाला. "मधे क्लच दाबला की गाडी मागं येतीया."

क्लच दाबला की इंजिनचा जोर शून्य आणि मागची ओढ तशीच. म्हणून ट्रॉलीच्या मागून त्याचा पोरगा हातात लाकडी ठोकळा घेऊन चालत होता. वर पोचल्यावर त्याने ठोकळा चाकाखाली सारला, पायाने दाबून बघितला, आणि ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॉलीसाठी रिकामा, गाणी लावून, खाली निघाला. रस्ता मोकळा झाला होता. मी तिथेच उभा होतो.