तुम्ही विचारलंत म्हणून: झेनर आणि ट्रान्झिस्टरमधले हरवलेले मिलिव्होल्ट

"सर, कागदावर लोड रेग्युलेशन एक टक्का येतं, मग बोर्डावर चार टक्के का दिसतं?"

प्रश्न झेनर आणि ट्रान्झिस्टरच्या साध्या रेग्युलेटरचा आहे: झेनर बेसचा व्होल्टेज धरून ठेवतो आणि आउटपुट एमिटरवर मिळतं. लोड लावल्यावर ते किती टक्के घसरतं, ते लोड रेग्युलेशन. आकडे जुळत नाहीत, कारण कागदावर फक्त झेनर मोजला जातो, ट्रान्झिस्टर नाही.

लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा माल घेऊ: ५.६ व्होल्टचा एक वॅटचा झेनर आणि टीआयपी ३१. इनपुट १२ व्होल्ट, पण ते १० पर्यंत खाली आलं तरी चालायला हवं. लोड ५०० मिलिअँपिअर आणि बीटा ५० धरला, तर बेसला १० मिलिअँपिअर लागतात. झेनरसाठी कमीत कमी आणखी १० ठेवले. म्हणजे १० व्होल्टला इनपुट आणि बेसमधल्या रेझिस्टरवर उरलेल्या ४.४ व्होल्टमधून २० मिलिअँपिअर जायला हवेत: २२० ओहम. आउटपुटला ४७० ओहमचा रेझिस्टर कायमचा लावायचा, म्हणजे लोड काढला तरी ट्रान्झिस्टरमधून दहा-एक मिलिअँपिअर वाहत राहतात. तो नसेल तर लोड काढल्यावर आउटपुट वर चढतं आणि रेग्युलेशन आणखी वाईट दिसतं.

आता १२ व्होल्टला हिशोब. लोड लावला की बेस जवळपास १० मिलिअँपिअर ओढतो आणि झेनरचा करंट तेवढाच घटतो, २९ वरून १९. डेटाशीटमधले ५ ओहम धरले की फरक ५० मिलिव्होल्ट, तोच तुमचा एक टक्का. पण ते ५ ओहम ४५ मिलिअँपिअरला दिलेले असतात. करंट कमी झाला की झेनरचा रोध वाढतो. मी इथे ८ धरतो. झाले ८० मिलिव्होल्ट.

उरलेली घसरण बेस-एमिटरमध्ये आहे. करंट दहापट झाला की तिथला व्होल्टेज साधारण ६० मिलिव्होल्टने वाढतो. आपला करंट दहावरून पाचशेवर, म्हणजे पन्नासपट जातो: सुमारे १०० मिलिव्होल्ट. आउटपुट ४.९५ वरून ४.७७ वर येतं. ०.१८ भागिले ४.७७, म्हणजे ३.८ टक्के. बोर्ड खरंच बोलत होता.

पटत नसेल तर दुसरा मीटर झेनरवर लावा. तिथे ८०च्या आसपास घसरण आणि आउटपुटला १८० दिसली, तर मधले १०० ट्रान्झिस्टरचे. मीटरच्या तारा आउटपुटच्या टोकांवरच ठेवा. लोडच्या लांब वायरीत ०.१ ओहम असला तरी आणखी ५० मिलिव्होल्ट जातात.

वाचन मात्र लोड लावल्या लावल्या घ्या. ट्रान्झिस्टर ३.६ वॅट उष्णता टाकतो, हीटसिंक लागतोच. तो तापला की बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट घटतो. आतलं तापमान ५० अंशांनी वाढलं, तर ते १०० मिलिव्होल्ट परत येतात आणि आउटपुट ४.८७ दिसतं. चहा पिऊन आल्यावर आकडा सुधारलेला दिसतो, तो त्यामुळे. वहीत दोन्ही आकडे लिहा, वेळेसकट.