मुंबई ते परभणी : ट्रॅव्हल्सची रात्र, तपोवनचा दिवस आणि नव्वद रुपयांचं कन्सेशन

आधी हिशेब सांगतो, कारण तो केला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी मुंबईत होस्टेलला राहतो, घर परभणीला. पहिली दोन वर्षं मी डोळे झाकून रात्रीच्या स्लीपर ट्रॅव्हल्सने जायचो. एरवी आठशे-नऊशे रुपये, पण गेल्या दिवाळीत त्याच गाडीतल्या त्याच वरच्या बर्थला सतराशे मागितले. आणि सकाळी सहा-सव्वासहाला सीएसएमटीहून सुटणाऱ्या तपोवन एक्सप्रेसचं सेकंड सिटिंगचं तिकीट दोनशेच्या आत-बाहेर. महिन्याच्या मेसचे पैसे देऊन माझ्याकडे तेव्हा अकराशे रुपये उरले होते, म्हणजे निवड करायचा प्रश्नच नव्हता.

ट्रॅव्हल्सवाले म्हणतात, रात्र वाया जात नाही. माझी जाते. तिकिटावर एक वेळ असते आणि पुलाखाली उभं राहून फोन लावला की "दहा मिनिटं दादा, सिग्नलला आहे" हे एकच वाक्य पुढे बराच वेळ ऐकू येतं. मागच्या चाकावरचा बर्थ मिळाला तर झोप विसरा. तिकीट काढताना सीटच्या चित्रात शेवटच्या दोन रांगा सोडून द्यायच्या, स्वस्त असल्या तरी. पहाटे पाचला वसमत रोडला उतरवतात तेव्हा बाबा गाडी घेऊन उभे असतात, त्यांचीही झोपमोड. मग घरी जाऊन दुपारपर्यंत झोपायचं. वाचलेला दिवस असा गादीत जातो.

तर तपोवनने जायचं ठरलं. इथे एका सीनियरने डोक्यात किडा सोडला : "विद्यार्थ्यांना सुट्टीत गावी जायला रेल्वेत निम्मं भाडं असतं, माहितीये ना?" खरंच असतं. कोरोनात बऱ्याच सवलती बंद झाल्या, त्यात ज्येष्ठ नागरिकांचीही गेली, पण विद्यार्थ्यांची राहिली. सेकंड आणि स्लीपर क्लासला मूळ भाड्यात ५० टक्के, एससी-एसटी विद्यार्थ्यांना ७५ टक्के. आरक्षणाचा आकार मात्र पूर्ण भरावा लागतो. म्हणजे माझे वाचणार होते साधारण नव्वद रुपये. त्या नव्वद रुपयांसाठी मी कॉलेजच्या ऑफिसला चार दिवस दिले.

पहिल्या दिवशी खिडकीवर गेलो. "काका, रेल्वे कन्सेशनचा फॉर्म हवाय." काकांनी मान वर न करता लोकलच्या पासाचा फॉर्म पुढे सरकवला. मीही वेड्यासारखा तो भरला, रांगेत परत आलो, तेव्हा लक्षात आलं की त्यात फक्त सीएसएमटी-कल्याण छापाच्याच गोष्टी आहेत. मुंबईत कन्सेशन म्हटलं की लोकलचा पास, दुसरं काही असतं हे खिडकीच्या आतही कुणाला पटत नाही. "गावी जायचं कन्सेशन" असे शब्द वापरा. तोपर्यंत एक वाजला आणि खिडकी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी कपाटातून दुसरं पुस्तक काढलं, माझं नाव रजिस्टरात शोधलं आणि म्हणाले, "तुझं घर तर कल्याणला आहे."

झालं असं होतं की प्रवेशाच्या वेळी पत्रं नीट मिळावीत म्हणून मी कायमच्या पत्त्याच्या रकान्यात कल्याणच्या मावशीचा पत्ता टाकला होता. ही सवलत घरी जायला असते आणि घर कुठलं हे कॉलेजच्या दप्तरात लिहिलेलं असतं. आधार दाखवलं, त्यावर परभणी. काका म्हणाले, "आधार रेल्वेला दाखव, मला रजिस्टर बघावं लागतं." मी अर्ज लिहिला, रेशन कार्डची झेरॉक्स जोडली. पत्ता बदलायला मोठ्या मॅडमची सही लागणार होती आणि मॅडम परीक्षेच्या कामात. खरं सांगायचं तर काकांची चूक नव्हती, पण त्या वेळी मला हे कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

तिसरा दिवस मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकावर गेला. चौथ्या दिवशी पत्ता बदलला, फॉर्म भरला गेला, आणि मग प्राचार्यांची सही व शिक्का. तिथे नवा मुद्दा : सुट्टी जाहीर झाल्याचं पत्रक कुठाय? सवलत सुट्टीतल्या प्रवासाला असल्यामुळे तारखा जुळाव्या लागतात. नोटीस बोर्डावरच्या पत्रकाचा फोटो काढून दाखवला तेव्हा शिक्का पडला.

हे तिकीट ऑनलाइन निघत नाही, फॉर्म घेऊन आरक्षण खिडकीवरच जावं लागतं. दादरला रांगेत तास गेला आणि खिडकीतल्या ताईंनी विचारलं, "वेटिंग ४३ आहे, काढू?"

खरी गोम इथे आहे. गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मी जेव्हा कल्याणचा पत्ता खोडत होतो तेव्हा मराठवाड्यातली निम्मी मुंबई फोनवरून सीटा काढून मोकळी झाली होती. सेकंड सिटिंगला आरएसी नसतं, त्यामुळे अर्धी सीट वगैरे भानगड नाही : एक तर जागा, नाही तर वेटिंग. चार्ट आदल्या रात्री लागला तेव्हा मी ४३ वरून ६ वर आलो होतो. सहा.

ऑनलाइन वेटिंग तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, खिडकीवरचं होत नाही. ते गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द करावं लागतं. आरक्षणाच्या फॉर्मवर मोबाइल नंबर लिहिलेला असेल तर आयआरसीटीसीवर ओटीपी टाकून रद्द करता येतं, पैसे मात्र नंतर खिडकीवरून घ्यायचे. मी नंबर लिहिला होता, एवढं एक काम नीट केलं. परत मिळालेले पैसे सांगत नाही.

गेलो शेवटी जनरलने, पूर्ण तिकीट काढून. दादरला चढायच्या फंदात न पडता पहाटेच्या लोकलने उलटं सीएसएमटीला गेलो, तरी खिडकी मिळाली नाही, दाराजवळ बॅगेवर बसलो. कसारा घाटापर्यंत पाय सुन्न. नाशिकरोडला बरेच उतरले आणि एका आजोबांनी सरकून जागा दिली. मनमाडला चहा. पुढे क्रॉसिंगला थांबत थांबत संभाजीनगर, जालना, परतूर, सेलू. सवापाचला परभणी, पाऊण तास उशिरा. बाबा उजेडात घ्यायला आले होते. रात्री नीट झोपलो.

माझ्या बहिणीला यातलं काहीच लागू नाही, तिला एसटीत अर्धं तिकीट आहे. आणि ते सतराशेबद्दल : खासगी बसला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा २०१८ चा आदेश आहे. तिकिटाचा फोटो घेऊन आरटीओकडे तक्रार करता येते. मी केली नाही, कारण मी ते तिकीट घेतलंच नव्हतं.

यंदा पत्ता आधीच दुरुस्त होता. सुट्टीचं पत्रक निघायची वाट न बघता शैक्षणिक कॅलेंडरची प्रत घेऊन ऑगस्टमध्येच खिडकीवर गेलो. काकांनी ओळखलं. "परभणी ना?" म्हणाले आणि बरोबर पुस्तक काढलं. खिडकीजवळची सीट आहे, कन्फर्म, निम्म्या भाड्यात.