हॅमस्ट्रिंग म्हणून आलेली मांडी

पोलीस भरतीचं ग्राऊंड जवळ आलं की आमच्याकडे मांडी धरून येणाऱ्या पोरापोरींची संख्या एकदम वाढते. मी तालुक्याच्या गावात फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते, आसपास भरतीच्या दोन-तीन अकॅडम्या आहेत, त्यामुळे हे दरवर्षीचंच. बहुतेकांचं निदान ते स्वतःच करून येतात. "मॅडम, हॅमस्ट्रिंग गेलीय." म्हणजे मांडीच्या मागचा, गुडघा वाकवणारा स्नायू. मुलींच्या मैदानीत ५० पैकी ८०० मीटरला २० गुण आणि १०० मीटरला १५ गुण असतात, म्हणजे पळण्यावरच ३५, त्यामुळे एक मांडी गेली की वर्षभराची मेहनत गेली असं त्यांना वाटतं, आणि ते फार चुकीचंही नाही.

ही मुलगी वडिलांबरोबर आली होती. १०० मीटर पळताना उजव्या मांडीच्या मागे, पार वरती, ढुंगणाच्या घडीजवळ दुखायचं. अकॅडमीतल्या सरांनी हॅमस्ट्रिंग सांगितलेलं, म्हणून जिममध्ये लेग कर्लच्या, म्हणजे वजन लावून गुडघा वाकवायच्या मशीनवर रोज व्यायाम चालू होता, वर स्ट्रेचिंग, वर बाम. बरेच आठवडे झाले तरी फरक शून्य. वडील म्हणाले, "मॅडम, मशीनवर तर काही दुखत नाही म्हणते, मग पळताना का दुखतं?" खरं सांगायचं तर सगळ्या केसमधला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता.

कारण हॅमस्ट्रिंगच्या वरच्या टोकाला खरंच इजा असती तर गुडघा वाकवताना, तेही वजन लावून, बहुतेक काहीतरी बोंब झाली असती. मी तिला पालथं झोपवलं आणि टाच धरून म्हटलं, वाक गुडघा, मी सोडत नाही. जोर मस्त, दुखणं नाही. मग विचारलं की नक्की कुठल्या पावलाला दुखतं? ती म्हणाली, "ताई, सुटतानाच. पहिल्या चार-पाच पावलांत. एकदा वेग आला की कमी होतं." आता टिपिकल हॅमस्ट्रिंगची कहाणी साधारण उलटी असते, फुल स्पीडला पाय पुढे फेकला जातो, गुडघा सरळ होत असतो आणि तेव्हा मागून चमक मारते, ६०-७० मीटरला पोरगं मांडी धरून बसतं. सुटताना धड पुढे झुकलेलं असतं, मांडी पोटाकडे आलेली असते, आणि त्या वाकलेल्या खुब्यातून सगळं शरीर पुढे ढकलायचं असतं. म्हणजे दुखणारी गोष्ट खुबा सरळ करणारी हवी, पण गुडघ्याशी तिचा संबंध नको.

मग तिला उताणं झोपवलं, उजवा खुबा ९० अंशात, गुडघा पूर्ण दुमडलेला. गुडघा असा दुमडला की हॅमस्ट्रिंग सैल पडते, तिला जोर लावायला फारसा वाव राहत नाही. मांडीच्या मागे हात ठेवून सांगितलं, मांडी खाली दाब, माझा हात गादीवर टेकव. तिने दाबलं आणि लगेच तोंड वाकडं केलं. डाव्या बाजूला माझा हात सहज खाली गेला, उजवीकडे अर्ध्यावरच अडला. त्याच अवस्थेत गुडघ्यांच्या मध्ये मूठ ठेवून दाबायला लावलं, तिथेही तीच जागा दुखली. आणि बोटाने दाबून बघितलं तर ज्या हाडावर आपण बसतो त्याच्या आतल्या बाजूला, पुढून, नेमका एक ठिपका. मागून नाही, आतून.

ती जागा अॅडक्टर मॅग्नसची. आतल्या मांडीचा हा स्नायू बहुतेकांना माहीतच नसतो, कारण आतली मांडी म्हटलं की पाय जवळ आणणारे स्नायू एवढंच डोक्यात असतं, आणि पाय जवळ आणायचे व्यायाम म्हणजे जिममधलं ते बसून मिटायचं मशीन, जे पोरं बघतसुद्धा नाहीत. पण आकाराने हा मांडीतला फार मोठा स्नायू आहे, तिन्ही हॅमस्ट्रिंग एकत्र केल्या तर जेवढ्या भरतील त्याच्या जवळपास एकटा. त्याचा मागचा भाग सुरू होतो बसण्याच्या हाडापासून, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या शेजारूनच, त्याला नसही सायटिकची, जशी हॅमस्ट्रिंगला असते, पण खाली तो मांडीच्या हाडावरच, गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला संपतो. गुडघा ओलांडतच नाही. म्हणूनच लेग कर्लला तिला काही जाणवत नव्हतं, मशीन इमानदारीत भलत्याच स्नायूला व्यायाम देत होतं.

आता हा स्नायू खुबा सरळ कसा करतो ते बघा. सरळ उभं असताना या स्नायूची ओढ खुब्याच्या सांध्याच्या बऱ्यापैकी जवळून जाते, त्यामुळे मागे ढकलायला त्याला फार पल्ला मिळत नाही, तिथे ढुंगणाचा मोठा स्नायू, ग्लूट मॅक्सिमस, राजा. पण खाली बसलात, मांडी पुढे आली, की बसण्याचं हाड सांध्याच्या मागे-खाली राहतं आणि ओढीची रेघ सांध्यापासून लांब सरकते. विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब केल्यासारखं, तेवढ्याच जोरात जास्त काम. ग्लूटचं मात्र उलटं होतं, खोल वाकलं की त्याचा पल्ला कमी होतो. म्हणून खोल बैठकीतून उठताना पहिली उचल ही बरीचशी आतल्या मांडीची असते, आणि अर्ध्यातून वर ग्लूट जास्त हातात घेतो. हॅमस्ट्रिंग तिथे फारशी कामाची नसते, कारण ती खुबा सरळ करेल तशी गुडघा वाकवायलाही बघेल, आणि उठताना गुडघा तर सरळ व्हायला हवा.

हे अंदाजाने बोलत नाहीये. २०१९ मध्ये जपानमधल्या कुबो आणि सहकाऱ्यांनी १० आठवडे एका गटाला पूर्ण स्क्वॉट आणि दुसऱ्याला अर्धा स्क्वॉट करायला लावून एमआरआयने स्नायू मोजले. पूर्ण स्क्वॉटवाल्यांच्या अॅडक्टरचं आकारमान ६.२ टक्के वाढलं, अर्ध्यावाल्यांचं २.७ टक्के, आणि हॅमस्ट्रिंग दोन्ही गटांत जैसे थे. (त्यांनी सगळे अॅडक्टर एकत्र मोजलेत, एकटा मॅग्नस नाही, हे लक्षात ठेवा.) तुम्हाला स्वतःवर बघायचं असेल तर अगदी खालच्या स्टुलावर बसा, मांडीच्या आत-मागच्या बाजूला बोटं रोवा आणि हात न टेकता हळूहळू उठा, सुरुवातीलाच बोटांखाली तो कडक होतो. पहिल्यांदा खोल स्क्वॉट केल्यावर दुसऱ्या दिवशी जांघेत ठणकतं आणि लोक जांघ ओढली गेली म्हणून घाबरून येतात, तेही हेच. दोन्ही बाजूला सारखं, पसरट दुखत असेल आणि दोन-चार दिवसांत निवळत असेल तर घाबरायचं काही नाही. एका बाजूला, एका क्षणी सुरू झालेलं आणि बोट ठेवून दाखवता येणारं असेल तर मात्र बघायला लागतं.

तिला अंगणात नेऊन स्क्वॉट करायला लावला. वजन काही नाही, हात पुढे. अर्ध्यापर्यंत सुंदर. खाली गेल्यावर मात्र वर येताना उजवा गुडघा आत झुकायचा आणि ढुंगण आधी वर, छाती मागाहून. गुडघा आत गेला की लोक लगेच बाहेरचा स्नायू कमजोर म्हणतात. असतोही कधीकधी. पण वर येताना फक्त तळालाच आत जात असेल तर मला वाटतं शरीर आतल्या मांडीकडून जोर ओढायचा प्रयत्न करतंय, आणि ती तो पुरेसा देत नाहीये. हे माझं मत, वाद घालायला मोकळे आहात. तिच्या वहीत बघितलं तर अकॅडमीत स्क्वॉट करायचे पण सगळे अर्धे, आणि जोडीला रोज दोन वेळा पळणं, स्टार्टचा सराव तर थोड्या दिवसांत दुप्पट केलेला. दुखायला तेवढं पुरेसं होतं.

एक गोष्ट मात्र मी हातानं ठरवली नाही. पळणं अचानक वाढवलेल्या मुलींमध्ये त्याच जागेजवळ, जांघेच्या हाडाला, ताणाने बारीक तडा जाऊ शकतो, सैन्यात भरती होणाऱ्या मुलींमध्ये तो ओळखीचा आहे. एका पायावर उडी मारायला लावली तर तिला दुखलं नाही, रात्रीही दुखत नव्हतं, हे चांगलं लक्षण, पण तडा अंगावर काढून पळणं म्हणजे तो पूर्ण मोडून घेणं. साधा एक्स-रे सुरुवातीला तो दाखवत नाही. म्हणून ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवलं आणि एमआरआय झाला. वडिलांचा चेहरा खर्च ऐकून उतरला होता, पण त्यांनी केलं. हाड स्वच्छ, हॅमस्ट्रिंग स्वच्छ, अॅडक्टर मॅग्नसच्या वरच्या टोकाला थोडी सूज.

मग कामाला लागलो. लेग कर्ल बंद, जोरात स्ट्रेच पण बंद, कारण दुखऱ्या मुळाला ताणून धरलं की ते आणखी चिडतं. सुरुवात गुडघ्यांमध्ये बॉल धरून दाबणं, २०-३० सेकंद धरायचा, खुबा वाकवूनच, दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग उंच स्टुलावर बसून उठणं, दर काही दिवसांनी स्टूल थोडं खाली, शेवटी खोल स्क्वॉट, हातात वजन घेऊन, आणि एक पाय पुढे ठेवून खोल स्प्लिट स्क्वॉट. युट्यूबवरची ती आडवं होऊन एक पाय बाकावर ठेवायची कोपनहेगनवाली कसरत ती स्वतःहून करायची. आतल्या मांडीसाठी ती चांगलीच आहे, पण तिच्यात खुबा सरळ असतो, त्यामुळे तळातून ढकलायचं जे काम आम्हाला हवं होतं ते तिच्यातून होत नव्हतं. तिला चालू ठेवू दिली, मुख्य भरवसा मात्र स्क्वॉटवर.

पळणं परत आणताना मी सवयीपेक्षा थोडा वेगळा क्रम घेतला. सहसा आधी हळू, मग वेग, मग स्टार्ट. तिला सरळ उभ्याने, मोकळ्या वेगात पळणं आधी दिलं कारण तिथे दुखतच नव्हतं, आणि झुकून सुटणं शेवटी, तेही अर्ध्या जोराने सुरू करून. सकाळी उठल्यावर दुखणं वाढलेलं असेल तर त्या दिवशी स्टार्ट नाही, एवढाच नियम. उताणं झोपून मांडी दाबायची टेस्ट दर भेटीला घ्यायची, आणि ज्या दिवशी दोन्ही बाजूला माझा हात सारखाच खाली गेला त्या दिवशी तिला पूर्ण जोराने सुटायला परवानगी दिली. ग्राऊंडवर ती दुखण्याशिवाय धावली.

नंतर त्याच अकॅडमीच्या सरांनी एक मुलगा पाठवला, सोबत निरोप, "मॅडम, याचीपण आतली मांडीच आहे." त्याला ७० मीटरला, पूर्ण वेगात, मागून चटकन बसलं होतं. पालथं झोपवून टाच धरली आणि गुडघा वाकव म्हटलं, तर तो गादीवरून उठायच्या बेतात. त्याची हॅमस्ट्रिंगच होती.